घर कपरमांक वष

त्या सकाळी मला रक्तपेढीत बोलावलं होतं ते सही करायला. जुईनगरचं ते ट्रस्टचं हॉस्पिटल, तळमजल्यावर रक्तपेढी, आणि तिथल्या डॉक्टरीण बाईंचा फोन : "मावशी, जुन्या रक्तदात्यांचा डेटा नव्या सिस्टममध्ये टाकला, पण नाव-पत्त्याच्या जागी नुसता कचरा आलाय. कंपनीची मुलगी तो पुसायला येणार आहे. प्रोग्राम तुमच्या हातचा. पुसायला हरकत नाही एवढं लिहून द्या, म्हणजे माझ्या डोक्याचा ताप जाईल."

प्रोग्राम माझ्या हातचा होता हे खरं. तीसेक वर्षांपूर्वी तो लिहिणारी जी बाई होती, तिच्याबद्दल सांगायला हवं. लग्न होऊन मराठवाड्यातून वाशीत आलेली, कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेली, मनगटावर पुरुषी घड्याळ घालणारी. कोणी विचारलं, "काय करता?" तर "प्रोग्रामर" हा शब्द असा उच्चारायची की समोरच्याने खुर्ची द्यावी. पगार कारकुनाचा, तोरा संचालकाचा. त्या वेळी संगणकात मराठीसाठी एक वेगळं कार्ड बसवावं लागे. ते बसवलं त्या दिवशी बयेने ऑफिसात पेढे वाटले, जणू कार्ड तिच्याच पोटी आलं होतं. आणि मग फर्मान काढलं : रक्तदात्याचं नाव मराठीत, पत्ता मराठीत, घराचा नंबरसुद्धा मराठी आकड्यात. फोनचा रकाना तेवढा इंग्रजी आकड्यांचा राहिला, कारण तो तिला मराठीत करता आला नाही. हे मात्र ती कोणाला सांगायची नाही.

तर मी गेले. कंपनीची मुलगी आधीच येऊन बसली होती. पंचविशीतली असेल. कानात काहीतरी खुपसलेलं, समोर लॅपटॉप.

"आजी, हे बघा." तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हे पत्ते. सगळे असेच आहेत."

स्क्रीनवर एका ओळीत होतं : ×ÚÆÈÚ¿Ú ΜÚÔ. पुढेही तसंच.

"आणि मूळ?" मी विचारलं. "जुनं मशीन?"

"ते भंगारात गेलं ना," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "डेटा चढला म्हटल्यावर दिलं. मला काय माहीत असा चढलाय."

मला राग आला, पण तो डेटा गेल्याचा नव्हता. माझ्या आयुष्यातलं एकुलतं एक मोठं काम भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेलं आणि मला कोणी टाटा करायलाही बोलावलं नाही, याचा होता. म्हातारपणी राग असलेच येतात. "पुसा," मी म्हटलं. "कागद आणा, सही करते. मला नातीला शाळेतून आणायचंय."

कागद आला. मी चष्मा शोधत होते, तेवढ्यात वरून फोन आला.

डॉक्टरीण बाई फोनवर फारसं बोलल्या नाहीत. "परत केलंत? ... दुसरी पिशवी लावून बघितली? ... तिच्यातही गुठळ्या?" मग बराच वेळ नुसतं "हं". फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

वर बाळंतपणाच्या वॉर्डात एक बाई होती. बाळाची वार गर्भाशयाच्या तोंडाशी आलेली, थोडं थोडं रक्त जात होतं. ऑपरेशन करूनच बाळ काढावं लागणार होतं, आणि त्यात पुष्कळ रक्त जाण्याची भीती. तपासणीत तिचा गट ओ आला होता, पण ओ गटाची कुठलीही पिशवी तिच्या रक्ताशी जुळेना. मिसळलं की गुठळ्या. म्हणजे तिचा गट तो दुर्मीळ, बॉम्बे म्हणतात तो. दिसायला ओसारखा, पण चालतं फक्त त्याच गटाचं रक्त. दुसरं दिलं तर जीव जाईल.

डॉक्टरीण बाईंनी फोनाफोनी सुरू केली. पुण्याच्या एकाने पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलेलं. सांगलीचा एक जण निघतो म्हणाला, पण त्याला इथे पोचायला संध्याकाळ होणार. "संध्याकाळपर्यंत थांबता येईल?" त्यांनी वर विचारलं. उत्तर मला ऐकू आलं नाही. त्यांनी कपाळावर हात ठेवला तो दिसला.

"तुमच्या जुन्या डेटात होते का कोणी या गटाचे?" त्यांनी मला विचारलं.

मी कागद बाजूला सारला. मुलीने रक्तगटाच्या रकान्यात शोधलं. गट इंग्रजी अक्षरांत लिहिलेले, ते शाबूत होते. तीन ओळी आल्या. जन्मवर्ष शाबूत, फोन शाबूत, बाकी तो U आणि तुऱ्यांचा पाऊस.

एकाचं वय रक्त देण्याच्या मर्यादेपलीकडे गेलेलं. उरले दोन. फोन दोघांचेही जुन्या काळातले, कमी आकड्यांचे. मागाहून सगळ्याच नंबरांपुढे २ लागला होता, तो जोडून मुलीने फिरवले. एक बंद. दुसरा प्लायवूडच्या दुकानात लागला. तिथला माणूस म्हणाला, "वो नंबर हमारा है, बीस साल से."

"म्हणजे पत्ताच," मुलगी म्हणाली. "आणि पत्ता हा असा." तिने कानातलं काढून टेबलावर ठेवलं. "मी आज हेच पुसणार होते, आजी."

"मीही सही करणार होते. कोण जास्त शहाणं ते मागाहून ठरवू. काय झालंय ते आधी सांग."

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक आकडा. पण कुठला आकडा कुठल्या अक्षराचा, हे सांगणारे तक्ते निरनिराळे. आमचं कार्ड ज्या तक्त्याने चालायचं त्याला इस्की म्हणत. नव्या सिस्टमला ते कोणी सांगितलंच नाही. तिने आमचे आकडे घेतले आणि युरोपातल्या भाषांच्या तक्त्यातून वाचले.

"इस्की," मुलगी म्हणाली. "ऐकलंय. त्याचं कन्व्हर्टर असतं. पण खरंच इस्कीच होतं का? नाहीतर उगाच वेळ जाईल."

तो तक्ता त्या बयेने टेबलासमोर भिंतीला चिकटवला होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "मला हा पाठ आहे" असं सांगायची. खोटं. तिला एकच आकडा पाठ होता : काना, दोनशे अठरा. तोसुद्धा कारण मराठीत काना पदोपदी लागतो. "दोनशे अठराला तुझ्या तक्त्यात काय आहे?" मी विचारलं.

तिने बघितलं. "Ú. डोक्यावर तिरकी रेघ असलेला U."

आम्ही दोघींनी स्क्रीनकडे पाहिलं. ओळीत जिकडे तिकडे तोच. इतके काने मराठीतच असतात.

तिने कन्व्हर्टर चालवला. तो दोन पावलं गेला आणि अडला. एका M पाशी. असलं अक्षर माझ्या तक्त्यात नाही म्हणे.

दारात एक माणूस येऊन उभा राहिला. अंगात बाजारातल्या माथाड्यांची बंडी, हातात चपला. चपला का काढल्या होत्या कोण जाणे. "मॅडम, वरनं सांगितलं रगात खाली मिळल. कुटं भरायचं?"

वरच्या बाईचा नवरा तो. डॉक्टरीण बाईंनी त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि कुठलंच रक्त जुळत नाही हे हळू आवाजात सांगितलं. तो उठला नाही, ओरडला नाही. फक्त म्हणाला, "माझं घ्या की मग. पायजे तेवढं घ्या." त्याला पुन्हा समजावलं. मग तो दाराकडे तोंड करून, आमच्याकडे बघत बसला. ते बघणं माझ्या पाठीला लागत होतं.

"हा M नाहीये," मुलगी म्हणाली. नाक स्क्रीनला टेकलं होतं तिचं. "M सारखा दिसतो, पण इंग्रजी नाही. ग्रीक आहे. तुमच्या डेटात ग्रीक कुठून आलं?"

"आमचं ट्रस्ट एवढं श्रीमंत नव्हतं गं."

ती हसली नाही. काहीतरी टाइप केलं, थांबली, आणि एकदम टेबलावर हात आपटला. "मायक्रो! ते मायक्रोचं चिन्ह असतं ना, शेपटीवाला u, तो होता इथे. त्याचं कॅपिटल केलं की हा ग्रीक M होतो. आजी, आमची सिस्टम नाव-पत्ता आत घेताना सगळं कॅपिटल करते. कोणी लहान लिहितं, कोणी मोठं, म्हणून सरसकट सगळंच. तिने तुमच्या मराठीचंही कॅपिटल केलंय."

मराठीला कॅपिटल. तीस वर्षं मी समजत होते की त्या बयेचा मराठीचा अभिमान हाच जगातला सगळ्यात मोठा आगाऊपणा.

तिने तेवढा M बदलला. ग झाला. कन्व्हर्टर पुन्हा चालवला, आणि मराठी आली. म्हणजे मराठी अक्षरं आली. दोन ओळी :

कधपरखतरणण, आणि पुढे एका चाळीचं नाव.

सानपाडा गाव, जुनपया विहिरीशणजारी, घर कपरमांक वष.

"सानपाडा तरी नीट आलं," डॉक्टरीण बाई मागून म्हणाल्या. "पण हे शणजारी काय आहे? आणि कपरमांक?"

"थांबा," मुलगी म्हणाली. "इंग्रजीत लहान अक्षराचा आकडा मोठ्या अक्षरापेक्षा बत्तीसने जास्त असतो. कॅपिटल केलं म्हणजे बत्तीस वजा झाले. तुमच्या तक्त्यात एक मात्रा कितीला आहे?" तिनेच शोधलं. "दोनशे पंचवीस. वजा बत्तीस, एकशे त्र्याण्णव. तिथे आहे ण."

म्हणजे जिथे मात्रा होती तिथे ण बसला होता. ओकाराच्या जागी ध, दोन मात्रांच्या जागी त, पाय मोडायच्या जागी प. काना, वेलांटी, उकार वाचले होते, कारण ते बिचारे आधीच मोठ्या अक्षरांच्या रांगेत उभे होते.

"मग उलटं फिरव ना. ण ची मात्रा कर."

"नाही करता येत, आजी. खरा ण पण असतो ना. प्रोग्रामला कसं कळणार कुठला खरा आणि कुठला मात्रेचा? तुम्ही वाचा. तुम्हाला मराठी येतं."

"तुला येत नाही?"

"बोलता येतं," ती म्हणाली.

मी वाचलं. पहिली ओळ कोपरखैरणे. शेवटी दोन ण, त्यातला एक खरा, एक मात्रेचा. डॉक्टरीण बाईंनी वॉर्डबॉयला रिक्षाने तिकडे धाडलं. दुसरी ओळ : सानपाडा गाव, जुन्या विहिरीशेजारी, घर क्रमांक... आणि तिथे मी अडले.

वष.

"वर्ष?" मुलगी म्हणाली.

"घर क्रमांक वर्ष?"

"मग आडनाव असेल. नाहीतर गल्लीचं नाव."

वरून पुन्हा फोन. डॉक्टरीण बाई उभ्यानेच बोलल्या. रक्त जाणं वाढलं होतं. थिएटर तयार ठेवलं होतं, भूलवाले डॉक्टर येऊन बसले होते, पण रक्त हाताशी असल्याशिवाय ते हात लावायला तयार नव्हते. थांबावं तर बाई आणि बाळ दोघांना धोका, करावं तरी तोच. बाकावरच्या माणसाला शब्द कळत नव्हते, पण आवाज कळत होता. तो उठून दारात आला.

"मावशी, गावतंय का न्हाई?"

"गावतंय," मी म्हटलं. गावत नव्हतं.

व आणि ष. मात्रा नाही, काना नाही. मी मनातल्या मनात त्याला सगळीकडून ओढलं. वेस? विषय? वाट? आणि मग आठवलं ते फर्मान. घराचा नंबरसुद्धा मराठी आकड्यात! एक बिचारी टायपिस्ट तेव्हा म्हणाली होती, "बाई, आकडे तरी इंग्रजी ठेवूया ना, पटकन होतात." तर या बयेने तिला मराठी भाषेवर भाषण दिलं होतं. उभं राहून.

"अगं, आकडा आहे तो! मराठी आकडा. व मध्ये बत्तीस मिळव."

मुलीने तक्त्यात बोट फिरवलं. "दोनशे बारा अधिक बत्तीस... दोनशे चव्वेचाळीस. तीन! आणि ष... पाच. पस्तीस. घर क्रमांक पस्तीस, आजी!"

तिची स्कूटी होती. मी मागे बसले, साडीचा पदर दातात धरून. जुईनगरहून सानपाडा काही लांब नाही, पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नल आमच्यावरच खुन्नस काढत होता. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच. तीस वर्षांत नवी मुंबईत काय जागेवर राहिलंय? मीच चार घरं बदलली. पोरीला हे बोलले नाही. वाऱ्यात ती ओरडून विचारत होती, "विहीर कुठेय, विहीर?"

विहीर नव्हती. गावात शिरलो तर तिथे चार मजली इमारत, खाली मोबाइलचं दुकान. नंबरपाट्या सगळ्या नव्या, पस्तीस कुठेच नाही. दुकानवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "इथे विहीर? मी दोन वर्षं झाली इथे." मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

समोरच्या ओट्यावर एक म्हातारी सुकट निवडत बसली होती. माझ्याहूनही मोठी. मी तिच्याकडे गेले. "आई, इथे जुनी विहीर होती ना?"

"व्हती. बुजवली." तिने मान वर केली नाही. "कोन पायजे?"

मी नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही. त्याचं ते नावही स्क्रीनवरून आम्ही ण आणि ध काढून काढून साफ केलेलं, अर्धा भरवसा होता नव्हता.

तिचे हात थांबले. "माजा पोर हाय तो. काय केलान त्यानी?"

"काही नाही केलं. त्याचं रक्त पाहिजे."

हे असं कोणी म्हणतं का? तीस वर्षांपूर्वीची ती बया असती तर तिने नमस्कार करून, संस्थेचं नाव सांगून, व्यवस्थित सुरुवात केली असती. म्हातारी उभी राहिली, सुकटीचं सूप हातात घट्ट धरून. "माज्या पोराचा रगत?"

मुलीने पुढे होऊन सगळं सांगितलं. बाई, बाळ, गट, जुळत नाही. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "असा सांग ना मंग. ही बाय तं डाकू वाटली."

पोरगा, म्हणजे पन्नाशी उलटलेला माणूस, न्हावा शेव्याला बंदरात कामाला होता. त्या वेळी शिफ्टवर. म्हातारीने फोन लावून दिला. मी बोलले. पलीकडे यंत्रांचा आवाज, ट्रकचे हॉर्न. तो शांतपणे म्हणाला, "हो, माझा गट तोच. तेव्हा एकदा दिलं होतं, मग कोणी बोलावलंच नाही."

"आता बोलावतेय. किती वेळात येशील?"

"बदली माणूस आला की निघतो. आणि ऐका, धाकट्या भावाचाही तोच गट आहे. तो वाशीतच असतो. आधी त्याला पाठवतो."

स्कूटीपाशी येऊन मी पायरीवर बसले. मुलगी म्हणाली, "आजी, चला." मग म्हणाली, "रडू नका ना, मला पण येतं."

"मी रडत नाहीये. सुकटीचा वास आहे तो."

धाकटा भाऊ आमच्या आधी पोचला होता. त्याची तपासणी झाली, पिशवी भरली, रक्ताच्या बाकी चाचण्या सुरू झाल्या. त्यांना लागतो तेवढा वेळ लागतोच, कोणी घाई केली तरी. बाकावरचा माणूस त्या खोलीच्या दाराशी उभा, आत कोणी शिंकलं तरी दचकत होता. कोपरखैरण्याला गेलेला वॉर्डबॉय हात हलवत परत आला : चाळ पडून टॉवर झालाय. थोरला बंदरातून आला तोवर पहिली पिशवी वर गेली होती आणि थिएटरचं दार बंद झालं होतं. दुसऱ्या पिशवीसाठी तो खाटेवर आडवा झाला. मूठ उघडझाप करत त्याने मला विचारलं, "तुम्हाला माझा पत्ता मिळाला कसा? गावातले नंबर तर कधीच बदलले."

"लांबलचक आहे. आधी रक्त दे."

मुलीने मात्र लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि त्याचं नाव कॅपिटल झाल्यावर कसं दिसत होतं ते दाखवलं. तो इतका हसला की सिस्टरने त्याचा हात दाबून धरला.

नातीच्या शाळेतून फोन येऊन गेले होते. सुनेला पाठवलं, ती काय म्हणाली ते इथे नको. मी बाकावर त्या माणसाशेजारी जाऊन बसले. दुसरी पिशवी आमच्यासमोरून वर गेली तेव्हा तो उठून उभा राहिला, एखादं मोठं माणूस समोरून जावं तसा.

खूप वेळाने रक्तपेढीचा फोन वाजला. डॉक्टरीण बाईंनी तो कानाला लावला आणि नुसतं ऐकलं. मुलगी उभी राहिली. मी बसूनच राहिले, उठायची हिंमत नव्हती.

"मुलगी झाली," बाई म्हणाल्या. "बाळ ठीक. आई अजून आत आहे, पण रक्त थांबलंय. दुसरी पिशवी अर्धीच लागली."

त्या माणसाने चपला पायात घातल्या. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा काढल्या, हातात घेतल्या, आणि तसाच अनवाणी जिना चढून गेला.